हातात बचत आहे, डोक्यात कल्पना नाही: पाटी विकत घ्यायची की स्वतःची लावायची?

पुण्यातली नोकरी सुटल्यावर कंपनीकडून मिळालेली रक्कम, महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला, निवृत्तीनंतरचा पीएफ. धाराशिव जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत अनेक घरांत अशी एकरकमी रक्कम आली आहे. ती बँकेत पडून राहते आणि घरात रोज एकच प्रश्न फिरतो: काहीतरी धंदा करायचा, पण कोणता? नेमक्या याच वेळी मोबाइलवर जाहिरात येते. 'तयार ब्रँड, तयार मशीन, तयार चहा मसाला, तुम्ही फक्त जागा द्या.' कल्पना नसलेल्याला कल्पनाच विकत मिळत असेल, तर मोह पडणारच.

फ्रँचायझी घेणे चूक आहे, असे नाही. मात्र फ्रँचायझीत आपण नेमके काय विकत घेतो, हे बहुतेकांना पैसे भरल्यावर कळते. ते आधी कळावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पंचेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ नोकरी सोडून धाराशिव शहरात परतला आहे. त्याच्याकडे १२ लाख रुपये आहेत. घरखर्च आणि मुलांच्या शाळेसाठी वर्षभराचे ३ लाख त्याने शहाणपणाने बाजूला ठेवले. उरले ९ लाख. खालचे सगळे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून ते पुन्हा मांडावेत.

चहाच्या फ्रँचायझीचा खरा हिशेब

एका चहा ब्रँडचा माणूस त्याला असा खर्च सांगतो: फ्रँचायझी शुल्क ३ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५४ हजार, फर्निचर-मशीन-पाटी ४ लाख, दुकानाचे डिपॉझिट १ लाख आणि पहिला माल ५० हजार. एकूण ९ लाख ४ हजार. रक्कम बरोबर खिशात बसते. (अशा प्रस्तावांची रक्कम खिशात बरोबर बसते, कारण पहिल्याच फोनवर 'तुमचे बजेट किती?' असे विचारलेले असते.)

आता महिन्याचा खर्च. भाडे १२ हजार, तीन कामगारांचे ३० हजार, वीज-पाणी ४ हजार, किरकोळ ४ हजार, म्हणजे ५० हजार. चहाचा कप १० रुपयांना जातो. त्यात दूध, साखर, गॅस, कागदी कप आणि कंपनीकडूनच घ्यावा लागणारा मसाला मिळून साडेपाच रुपये जातात. एका कपामागे साडेचार रुपये उरतात. ५० हजारांना साडेचारने भागले की महिन्याला ११ हजार १०० कप येतात, दिवसाला ३७०. कंपनीचा माणूस हाच आकडा दाखवतो आणि म्हणतो, 'बसस्थानकाजवळ ३७० कप तर सकाळीच जातील.'

या हिशेबात तीन गोष्टी नाहीत. पहिली, मालकाचा स्वतःचा पगार. तो पहाटे पाचपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसणार आहे, त्याचे किमान १५ हजार धरायला हवेत. दुसरी, बँकेतले व्याज. ९ लाख ७ टक्क्यांनी ठेवले असते, तर काहीही न करता महिन्याला सुमारे ५ हजार ३०० रुपये मिळाले असते. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे परत न येणारे भांडवल. करार पाच वर्षांचा आहे. डिपॉझिट परत येईल, माल विकला जाईल, मशीनचे जुन्या बाजारात लाखभर येतील. पण शुल्क, त्यावरचा कर आणि उरलेले फर्निचर मिळून साडेसहा लाख बुडीतच धरायचे. पाच वर्षांत ते वाटले तर महिन्याला १० हजार ९०० होतात.

हे सगळे मिळवले की महिन्याचा खर्च ५० हजारांवरून ८१ हजारांवर जातो आणि दिवसाला ३७० नव्हे, ६०० कप लागतात. इथे आणखी एक अडचण उभी राहते. दिवसाला ६०० कप म्हणजे वर्षाला जवळपास २२ लाखांची विक्री. खाण्यापिण्याच्या सेवेला २० लाखांच्या पुढे जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. अशा दुकानाला ५ टक्के कर भरावा लागतो आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे फ्रँचायझी शुल्कावर भरलेले ५४ हजार कायमचे गेले. कपाचा भाव १० रुपयेच ठेवला, तर त्यातले सुमारे ४८ पैसे सरकारला जातात. मग लागणारे कप ६७० च्या आसपास पोचतात.

दुकान सकाळी सहा ते रात्री आठ चालले, तर तासाला सरासरी ४८ कप. सकाळी हे सहज होईल. एप्रिलमधल्या दुपारी दोन वाजता होईल का?

हे शोधायला कोणताही सल्लागार लागत नाही. ज्या जागेवर दुकान घ्यायचे, तिच्या शेजारच्या चालू टपरीसमोर उभे राहून कप मोजायचे. एक दिवस नाही, किमान चार दिवस, आणि त्यात एक मरगळलेला दिवस हवाच. तुळजापुरात मोजायचे असेल, तर मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून मोजावे. नवरात्रात मोजलेला आकडा तर कागदावर लिहूच नये. दुसरा सोपा मार्ग म्हणजे दूधवाला. त्या टपरीला रोज किती लिटर दूध जाते, हे तो सहज सांगतो. एका लिटरमागे साधारण पंधरा लहान कप धरले, तर ६७० कपांना ४५ लिटर दूध लागते. शेजारच्या जुन्या, जम बसलेल्या टपरीलाच जर पंचवीस लिटर जात असेल, तर नव्या पाटीला ४५ कुठून जाणार?

पाटी काढली तर गिऱ्हाईक कमी होईल का?

फ्रँचायझी घ्यावी की नाही, हे ठरवायला हा एक प्रश्न बराच उपयोगी पडतो. चहाला माणूस येतो तो जागेमुळे, चवीमुळे आणि उधारी लिहिणाऱ्या ओळखीच्या चेहऱ्यामुळे. महिनाभराने पाटी बदलली, तरी रोजचे गिऱ्हाईक तेच राहते. मग साडेतीन लाख कशाचे? आइस्क्रीमचे तसे नाही. बंद डब्यातल्या आइस्क्रीमवर ओळखीचे नाव नसेल, तर मूल हात लावत नाही. तिथे नावाला किंमत आहे.

त्यातही अट आहे. अमूलचे उदाहरण पाहू. कंपनीने जाहीर केलेल्या माहितीनुसार लहान विक्री केंद्राला सुमारे २ लाख आणि आइस्क्रीम पार्लरला सुमारे ६ लाख गुंतवणूक लागते, आणि कंपनी रॉयल्टी घेत नाही. ऐकायला उत्तम. पण विक्रेत्याची कमाई मालानुसार ठरते: पिशवीतल्या दुधावर सुमारे अडीच टक्के, दुग्धपदार्थांवर १० टक्के, बंद आइस्क्रीमवर २० टक्के. म्हणजे महिन्याला २० हजार मिळवायचे, तर फक्त दूध विकून ८ लाखांची विक्री करावी लागेल. फक्त आइस्क्रीम विकले, तर १ लाख पुरेल. तीच पाटी, तेच दुकान, पण कोणता माल किती जातो यावर धंदा तरतो की बुडतो हे ठरते. धाराशिवसारख्या भागात, जिथे घरोघरी रतिबाचे दूध येते, तिथे पिशवीच्या दुधावर पोट भरेल असे मानणे धाडसाचे आहे. या कमाईतून भाडे, फ्रीझरची वीज आणि कामगार हे सगळे जायचे असते. उन्हाळ्यात वीज गेली आणि फ्रीझर थांबला, तर नुकसान कोणाचे, हेही आधीच विचारून ठेवावे.

या ब्रँडच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून 'नोंदणी शुल्क' उकळणारे बरेच आहेत, आणि कंपनीने स्वतः त्याबद्दल इशारे दिले आहेत. त्यामुळे अर्ज फक्त `amul.com` वरच्या माहितीवरून करावा. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरीपत्र पाठवून पैसे मागितले, तर तिथेच थांबावे.

कायदा किती पाठीशी उभा राहतो?

फारसा नाही. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याआधी किमान १४ दिवस माहितीपत्रक द्यावे लागते. त्यात किती दुकाने उघडली, किती बंद पडली, कंपनीवर कोणते दावे आहेत, हे लिहावे लागते. भारतात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. व्यवहार मुख्यतः १८७२ च्या करार कायद्यावर चालतो. म्हणजे जे कागदावर लिहिले आणि सही केले, तेच खरे. फोनवर सांगितलेला '१८ महिन्यांत पैसे वसूल' हा शब्द करारात नसेल, तर तो नाहीच.

म्हणून ती माहिती आपणच काढायची. `ipindia.gov.in` वर ट्रेडमार्क शोधता येतो. तिथे ब्रँडचे नाव नुसते 'अर्ज केलेला' आहे की नोंदलेले आहे, आणि ते कोणाच्या नावावर आहे, हे दिसते. नाव नोंदलेलेच नसेल, तर जे विकत घेतो ते उद्या दुसराही वापरू शकतो. `mca.gov.in` वर कंपनी केव्हा स्थापन झाली ते कळते. सर्वांत मोलाची माहिती मात्र वेबसाइटवर नसते. कंपनीकडे तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या दुकानांची यादी मागायची आणि त्यातली किती आज उघडी आहेत, हे स्वतः जाऊन पाहायचे. कंपनी यादी देत नसेल, तर जुन्या जाहिरातींतल्या आणि फेसबुक पानावरच्या उद्घाटनांच्या फोटोंवरून गावे शोधता येतात. उघड्या दुकानाचा मालक बऱ्याचदा गोड बोलतो, कारण त्यालाही आपले दुकान कोणाला तरी विकायचे असते. बंद पडलेल्या दुकानाचा मालक खरे बोलतो.

आणखी एक खूण. कंपनीची स्वतःच्या मालकीची दुकाने किती आहेत? चालणारा धंदा असेल, तर कंपनी काही दुकाने स्वतः चालवते आणि त्यातून कमावते. एकही नसेल आणि कमाईचा मोठा भाग नव्या फ्रँचायझी शुल्काचा असेल, तर ती चहा विकत नाही, फ्रँचायझी विकते. तिच्यासाठी गिऱ्हाईक आपणच असतो.

करारात तीन कलमे सावकाश वाचावीत. किती अंतरात दुसरे दुकान देणार नाही, ते किलोमीटरमध्ये लिहिले आहे का? 'शहरात एकच' हे पुरेसे नाही, कारण शहराची हद्द कोणती यावर वाद होतो. मसाला-मालाचा भाव कंपनी हवा तेव्हा वाढवू शकते का? आणि दुकान बंद करायचे झाले, तर काय? वाद कुठे चालेल, हेही इथेच येते. लवाद दिल्लीत असेल, तर धाराशिवचा माणूस दोन तारखांतच दमतो. करार मोडणे फक्त लहानांच्या नशिबी येते असेही नाही. उत्तर भारतात मॅकडोनाल्ड्सची दुकाने चालवणाऱ्या भागीदार कंपनीचा करार ऑगस्ट २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सने संपुष्टात आणला, तेव्हा १६९ दुकानांचा प्रश्न उभा राहिला. तो वाद मे २०१९ मध्ये तडजोडीने मिटला. त्या भागीदाराकडे वकिलांची फौज होती.

स्वतःची पाटी लावायची तर कल्पना कुठून आणायची?

'स्वतःचा धंदा' म्हटले की लोकांना जगात कोणी न केलेले काहीतरी डोळ्यांसमोर येते. तसे लागत नाही. जिल्ह्यातून कच्चा माल म्हणून बाहेर जाते आणि पक्के होऊन महाग परत येते, असे काय आहे, एवढे पाहिले तरी पुरते. धाराशिवमध्ये त्याचे एक ठळक उत्तर खवा आहे. भूम-वाशी पट्ट्यात गावोगावी भट्ट्या आहेत. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बराच खवा बाहेरच्या शहरांतल्या मिठाईवाल्यांकडे जातो आणि पेढा, बर्फी, गुलाबजाम होऊन विकला जातो.

इथे नवख्या माणसाची चूक ठरलेली असते. तो पहिल्याच महिन्यात शेड बांधतो आणि भट्टी लावतो. पण पैसा खव्यात कमी आणि पेढ्यात जास्त आहे. साधारण पाच लिटर म्हशीच्या दुधात एक किलो खवा पडतो. गाईच्या दुधात त्याहून कमी. दूध, जळण आणि तासन्‌तास कढईशी उभ्या माणसाची मजुरी धरली, तर घाऊक खव्यात फार काही उरत नाही. शिवाय ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या खवा आटवला, त्यांच्याशी पहिल्याच दिवशी स्पर्धा कशाला? खवा त्यांच्याकडूनच विकत घ्यावा.

आपल्या गृहस्थाने असे केले तर काय होते ते पाहू. तो आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, ५ किलो खवा आणतो. ३२० रुपये किलोने १ हजार ६००. दीड किलो साखर ७० रुपये. गॅस, डबे, जाणे-येणे ३५०. एका खेपेचा खर्च २ हजार २०. परततानाची घट जाऊन सुमारे ६ किलो पेढा होतो. ४२० रुपये किलोने सगळा गेला, तर २ हजार ५२० येतात, म्हणजे ५०० उरतात. ४ किलो ८०० ग्रॅम विकला, तर खर्च निघतो. एक चतुर्थांश माल रोज फेकावा लागला, तरी खेपेला १३० रुपये तोटा, सोळा खेपांना दोन हजारांच्या आसपास. पातेली, वजनकाटा, लेबल आणि अन्नसुरक्षा नोंदणीला आणखी १५ हजार धरा. थोडक्यात, कल्पना सपशेल फसली तरी १७-१८ हजार जातात. फ्रँचायझीत फसल्याचे कळेपर्यंत साडेसहा लाख गेलेले असतात. दोन्ही वाटांतला मुख्य फरक हाच आहे.

या आठ आठवड्यांत नफा पाहायचा नाही, एकच गोष्ट मोजायची: न सांगता परत किती जण आले. पहिल्या दोन आठवड्यांत नातेवाईक घेतात, तो आकडा फसवा असतो. सहाव्या आठवड्यात अनोळखी माणूस दुसऱ्यांदा आला, तर ते खरे गिऱ्हाईक. पेढ्याची विक्री वाढदिवसाला, निकालाला, पहिल्या पगाराला होते. म्हणून फक्त दसरा-दिवाळीत चाचणी घेतली, तर उत्तर चुकीचे येईल. त्या काळात खवाही महागतो.

माल बिघडतो तो बहुधा खव्यात. ओलसर खव्याचा पेढा दोन-तीन दिवसांत आंबूस लागतो, मग बुरशी धरते. खव्यात पिठूळ भेसळ आहे का, हे घरी कळते. थोडा खवा पाण्यात उकळून थंड करायचा आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडिनचे दोन थेंब टाकायचे. निळा-काळा रंग आला, तर स्टार्च आहे. ही तपासणी पहिल्या खेपेला नव्हे, सातव्या-आठव्या खेपेला जास्त गरजेची असते. तोवर ओळख झालेली असते आणि तपासायचा संकोच वाटू लागतो.

डब्यावर 'कुंथलगिरी' लिहायचे आहे? मानांकनाचे नाव आणि चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ठरलेल्या भागातला, ठरलेल्या पद्धतीचाच माल त्यात बसतो. त्यामुळे नोंदलेल्या उत्पादकाकडून खवा घेणे आणि आपल्या पेढ्यावर काय छापता येते, हे आधी विचारून घेणे बरे. एका अर्थाने तीही फ्रँचायझीच आहे. पाटी सगळ्या भागाची असते आणि तिच्यासाठी कोणाला तीन लाख द्यावे लागत नाहीत.

मग पुढे किती?

चाचणी जमली तर लहान दुकान: भाडे ६ हजार, एक मदतनीस ९ हजार, वीज २ हजार आणि मालकाचे तेच १५ हजार. महिन्याला ३२ हजार. किलोमागे ८३ रुपये उरतात, म्हणजे महिन्याला ३८५ किलो, दिवसाला सुमारे १३ किलो पेढा खपायला हवा. हा आकडा लहान नाही. धाराशिव शहरात नव्या दुकानाला तो एकट्या काउंटरवर कठीण जाईल. तुळजापूर किंवा महामार्गावरचे एखादे हॉटेल, शाळा-पतसंस्थांच्या ऑर्डरी, पुण्यात राहणाऱ्या गावकऱ्यांना पाठवायचे डबे, असे दोन-तीन रस्ते लागतील. ते मिळत नसतील, तर दुकान घेऊ नये, घरातून जेवढे जाते तेवढेच ठेवावे. बँकेतले आठ लाख ऐंशी हजार अजून शाबूत आहेत.

रोज १३ किलो सतत दोन महिने गेले, तरच स्वतःच्या भट्टीचा किंवा वाफेवरच्या कढईचा विचार. तिथे केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत कर्जाशी जोडलेले ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. चहाचे दुकान त्यात बसत नाही. योजनेचे अर्ज सध्या घेतात का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारावे. बँकेने कर्ज मंजूर केल्याशिवाय अनुदान हलत नाही, म्हणून अनुदान हातात धरून मशीनची ऑर्डर देऊ नये.

आणि या सगळ्यानंतरही कोणाला वाटेल की रोज चव सांभाळणे, उरलेला माल, सणांची धावपळ हे आपल्याच्याने होणार नाही. तेही उत्तर चालेल. त्याने फ्रँचायझीच घ्यावी. फक्त शेजारच्या टपरीचे कप चार दिवस मोजून, बंद पडलेल्या दोन दुकानदारांना भेटून, आणि करारात किलोमीटरचा आकडा लिहून घेतल्यावर.